गाठ फोडू नकोस, सूज उतरू दे

आधी आईला म्हणावं, तेलाची वाटी खाली ठेव. ती मायेनंच चोळतेय, मला माहीत आहे, पण आत्ता त्या छातीला कोणाचाच दाबून हात लागायला नको. गरम पाण्याची पिशवीसुद्धा बाजूला ठेव. बाळ कुशीत असेल तर असू दे. पाजता पाजता ऐक, म्हणजे काय झालंय ते तुला समजेल, आणि ते समजलं की अर्धी भीती जाईल.

तू फोनवर सांगितलंस ते मी परत एकदा सांगते, काही चुकलं असेल तर मध्येच थांबव. उजवी छाती, वरची बाहेरची बाजू. काखेकडून सुरू होऊन बोंडाकडे निमुळता होत गेलेला कडक, तापलेला पट्टा. हात लावला की डोळ्यांत पाणी येतं. आज सकाळपासून अंग मोडून आलंय, थंडी वाजली, थर्मामीटरवर १०१.५ ताप. डावी छाती मऊ आहे. याला स्तनदाह म्हणतात, डॉक्टर त्याला मस्टायटिस म्हणतील. प्रसूतीनंतरच्या वॉर्डात मी असे पट्टे नेहमी बघते. आजीला वाटतंय तशी ही दृष्ट नाही, आणि तुझं दूध नासलेलंही नाही.

त्या पट्ट्याचा आकार नीट बघ. पोळीचा चतकोर कसा असतो, टोक मधोमध आणि रुंद बाजू कडेला, अगदी तसा तो आहे. टोक बोंडाशी, रुंदी काखेकडे. हा आकार उगाच आलेला नाही. दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्यांचे झुपके छातीत असतात. प्रत्येक झुपक्यातलं दूध बारीक नळ्यांतून मोठ्या नळीत येतं आणि ती नळी बोंडाशी उघडते. एका छातीत अशा साधारण नऊ-दहा मुख्य नळ्या असतात, कोणाकडे चार, कोणाकडे पंधराच्या वर. एका नळीच्या वाट्याला जेवढा भाग येतो तो बोंडापासून कडेपर्यंत रुंदावत जातो. त्या एका नळीच्या भागात दूध अडलं की तेवढाच भाग सुजतो आणि बाकीची छाती मऊ राहते. म्हणून तू मला आकार सांगितलास तेव्हाच मी निम्मी निश्चिंत झाले. प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं तेव्हा दोन्ही छात्या दगडासारख्या होतात, ते वेगळं. तुझं एकाच बाजूचं आहे, एकाच भागातलं आहे.

आता हे झालं कसं ते बघू. परवाचं लग्न आठव. नवतप्यातलं लग्न, वर्धा रोडवरचा हॉल, आणि बाळाला ऊन नको म्हणून तू त्याला आजीजवळ ठेवून गेलीस. निघताना बाराच्या सुमारास पाजलंस आणि परत येईस्तोवर सहा वाजले. एरवी तो दर दोन-अडीच तासांनी पितो, म्हणजे दोन वेळचं दूध आतच राहिलं. त्यात लग्नाआधी शिवलेला ब्लाउज, जो आता काखेत काचतो. नळी असते जेमतेम दोन मिलिमीटर जाड आणि तिच्या भोवती कडक भिंत नसते, त्यामुळे बाहेरून दाब आला की ती चेपते. सहा तास दूध साचलं आणि बाहेरून ब्लाउजचा काच, दोन्ही एकाच जागी आले.

इथे एक समज दूर करते. नळीत दह्यासारखी गुठळी अडकते, ती दाबून बाहेर काढली की सुटका, असं बहुतेकींना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आत बूच नसतंच. दूध साचलं की पिशव्या ताणतात, त्यांच्या पेशींमधले सांधे उसवतात आणि दुधातले घटक आजूबाजूच्या मांसात झिरपतात. शरीराला ते तिथे अनोळखी वाटतात, म्हणून तिकडे जास्त रक्त जातं, पाणी जमतं, सूज येते. ती सूज नळीला बाहेरून आणखी आवळते. नळी आवळली की दूध आणखी साचतं, आणि साचलं की सूज आणखी वाढते. हे चक्र आहे. त्यात ढकलून काढण्यासारखं काही नसतं. सूज उतरली तरच नळी मोकळी होते.

तुझा ताप यातूनच आलाय. दूध बाहेर झिरपलं की शरीर जळजळीची रसायनं सोडतं आणि त्यांच्यामुळे ताप चढतो, थंडी वाजते, अंग दुखतं. म्हणजे १०१ च्या वर ताप आहे म्हणून आत जंतू शिरलेच असतील असं नाही. सुरुवातीला बऱ्याचदा जंतूंचा संसर्ग नसतोच. पण दूध तसंच साचून राहिलं किंवा बोंडाला चीर असली तर मग जंतूंना वाट मिळते, बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूला, जो आपल्या कातडीवर आणि बाळाच्या नाकातोंडात तसाही असतो. म्हणून सांग, बोंडाला चीर आहे का? बाळ बोंडाच्या टोकालाच धरून ओढत असेल तर चीर पडते, आणि मग संसर्गाची शक्यता वाढते.

काल रात्री तुम्ही जे केलंत त्याबद्दल. आईचा शेक, तेलाचा हात, आणि मग तू पंप लावून दर तासाला छाती रिकामी करत राहिलीस. पूर्वी आम्हीही वॉर्डात हेच सांगायचो, पुस्तकंही हेच सांगायची. स्तनपानाच्या क्षेत्रातल्या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, अॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने, २०२२ मध्ये आपला सल्ला बदलला, आणि तिघांचीही कारणं दिली. शेक दिला की तिथे रक्त आणखी येतं, सूज वाढते. जोरात चोळलं की आधीच ताणलेल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, मांस दुखावतं, आणि कडकपणा वाढतो. पंप तर छातीला फसवतो. जेवढं दूध निघतं तेवढंच उद्या बनवायचं असं छातीला वाटतं, त्यामुळे तू रात्रभर काढलेल्या दुधाचा हिशोब ती पुढच्या दोन दिवसांत भरून काढते, आणि मग आधीच चेपलेल्या नळीवर आणखी दूध येऊन पडतं. पहाटे थंडी वाजली यात आश्चर्य नाही.

आईला हे सांगताना तिच्यावर चिडू नकोस. बाळंतिणीला गार लागू द्यायचं नाही, शेगडी आणि शेक द्यायचा, हे तिनं आजीकडून शिकलेलं आहे आणि कंबर-पोटाला शेक घ्यायला माझी काहीच हरकत नाही. फक्त या लाल पट्ट्यावर शेक नको. दूध वाहायला लागण्यासाठी पाजायच्या आधी मिनिटभर कोमट ओला रुमाल ठेवलास आणि बरं वाटलं तर चालेल, पण तासन्‌तास शेक नको. इथे गार लागतं. फ्रीजमधली बर्फाची पिशवी पातळ पंच्यात गुंडाळ आणि पाजून झाल्यावर दहा ते पंधरा मिनिटं ठेव. कातडीवर थेट बर्फ ठेवू नकोस, ती भाजल्यासारखी होते. दर तासा-दोन तासांनी ठेवलंस तरी चालेल. बर्फ नसेल तर गार पाण्यात पिळलेला रुमाल चालेल. आई म्हणेल दूध गारठेल, तिला सांग की दूध आत अंगाच्याच तापमानाला राहतं.

हात लावायचाच असेल तर तो फक्त वरच्या कातडीला. बोंडाकडून काखेकडे आणि गळपट्टीच्या हाडाकडे, कातडी जेमतेम सरकेल एवढ्या हलक्या बोटांनी. यानं साचलेलं पाणी काखेतल्या गाठींकडे जायला मदत होते. पण दुखलं तर दाब जास्त होतोय, लगेच थांब. आणि तो ब्लाउज घालूच नकोस. आईचा जुना सैल ब्लाउज किंवा नुसता कुर्ता घाल. आतल्या कापडाची शिवण पट्ट्यावर येत नाही एवढं बघ. पालथं झोपू नकोस.

आता पाजणं. माझा सगळ्यात मोठा आग्रह इथे आहे. आजी म्हणाली असेल, तापाचं दूध बाळाला बाधेल, चार दिवस बंद कर. तसं करू नकोस. या दुधाने बाळाला काही होत नाही. ज्या जंतूंची भीती आहे ते बाळाच्या तोंडात आधीच असतात, शिवाय दुधात तुझ्या शरीरानं तयार केलेली संरक्षक द्रव्यंही जातात. एकाएकी पाजणं थांबवलं की दूध आणखी साचतं आणि पूची गाठ व्हायचा धोका वाढतो. म्हणून बाळ मागेल तेव्हा दे, रोजच्यासारखं, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा. पण जास्तही नको. दुखऱ्या बाजूला बळजबरीनं पुनःपुन्हा लावू नकोस, दोन्ही बाजू आलटून पालटून दे.

एक गोष्ट होईल, तिला घाबरू नकोस. पेशींचे सांधे उसवल्यामुळे त्या बाजूच्या दुधात मीठ जास्त उतरतं. दूध खारट लागलं की बाळ उजव्या बाजूला तोंड लावतं आणि रडत सोडतं. त्याला माझं दूध नको झालं, असं म्हणून रडू नकोस. डावीकडून सुरू कर, दूध वाहू लागलं की उजवीकडे वळव. तरी घेत नसेल आणि छाती ताठ होत असेल तर हातानं थोडं दूध काढ, ताण हलका होईल एवढंच. वाटीभर नाही. उजवीकडचं दूध काही दिवस कमी वाटेल, सूज उतरली की पुन्हा येईल.

धरण्याकडे एकदा नीट लक्ष दे, कारण मूळ कारण बऱ्याचदा इथे सापडतं. बाळाचं तोंड मोठं उघडं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीत रुतलेली, आणि बोंडाभोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात गेलेला. गाल आत ओढले जात असतील, चपचप आवाज येत असेल किंवा सोडल्यावर बोंड लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसत असेल तर ते नुसतं टोक चोखतंय. करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हळूच आत घाल, पकड सोडव, पुन्हा लाव. दोनदा-तीनदा लागेल, पण दर वेळी असंच कर.

औषध. तू म्हणतेस बाळाला जाईल म्हणून गोळी नको. पॅरासिटॅमॉल आणि आयब्युप्रोफेन, दोन्ही दूध पाजणाऱ्या बाईला चालतात, दुधात फार कमी उतरतात. पॅरासिटॅमॉल ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये निदान सहा तासांचं अंतर. आयब्युप्रोफेन ४०० ची, जेवल्यावर, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा. आयब्युप्रोफेन नुसता ताप उतरवत नाही, सूजही कमी करतं, म्हणून इथे ते जास्त कामाचं. पण तुला पित्ताचा अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, दमा किंवा अशा गोळ्यांची अॅलर्जी असेल, किंवा प्रसूतीत रक्तदाब वाढला होता म्हणून डॉक्टरांनी वेदनाशामक जपून घ्यायला सांगितलं असेल, तर आधी त्यांना विचार. आणि पावसाळ्यात, डेंगीच्या दिवसांत, ताप कशाचा ते ठरेपर्यंत आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, फक्त पॅरासिटॅमॉल. आज उन्हाळा आहे आणि लाल पट्टा समोर दिसतोय म्हणून मी तुला हो म्हणते.

पण तापाचं कारण छातीच आहे असं डोळे झाकून धरू नकोस. बाळंतिणीला ताप येण्याची दुसरीही कारणं असतात. लघवीला जळजळ, टाक्यांतून पाणी किंवा पू, खालून जाणाऱ्या स्रावाला घाण वास, ओटीपोट दुखणं, पायाची पोटरी एकाच बाजूला सुजणं, यातलं काही असेल तर छातीची सूज असली तरीही लगेच डॉक्टरांकडे जा. तुला यातलं काहीच नाही ना, ते मला आत्ताच सांग.

आता एक काम कर. बॉलपेन घे आणि लाल भागाची कड जिथे संपते तिथे कातडीवर रेघ ओढ. शेजारी वेळ लिही. आपली कातडी सावळी असेल तर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा बोटाच्या पाठीनं बाजूची कातडी आणि ही कातडी ताडून बघ. कुठपर्यंत गरम, कुठपर्यंत कडक, कुठपर्यंत चमकते, तिथे रेघ ओढ. संध्याकाळी आणि उद्या सकाळी लाली रेघेच्या आत आहे की बाहेर गेली हे त्यावरून कळेल. डोळ्यांच्या अंदाजावर विश्वास ठेवू नकोस. भीतीच्या भरात आपल्याला सगळं वाढलेलंच दिसतं, आणि कौतुकाच्या भरात आईला सगळं उतरलेलं.

थंड पट्टी, गोळी, सैल कपडे, वेळच्या वेळी पाजणं आणि झोप. एवढं केल्यावर चोवीस तासांत ताप उतरायला लागायला हवा आणि गाठ निदान वाढू नये. तसं झालं तर जंतुनाशक गोळ्यांची गरज पडत नाही, आणि कडकपणा पूर्ण जायला काही दिवस लागले तरी चालतं. पण चोवीस तासांनी ताप तसाच असेल, लाली रेघेबाहेर गेली असेल, किंवा आधी उतरलेला ताप पुन्हा चढला असेल, तर तिथे संसर्ग धरायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. जिथे प्रसूती झाली तिथल्याच ओपीडीत जा, तुझी फाइल तिथे आहे. ते जमलं नाही तर गांधीबागेतलं डागा स्त्री रुग्णालय आहे. रात्रीबेरात्री वेळ आलीच तर मेडिकल किंवा मेयोची कॅज्युअल्टी उघडी असते.

वाट पाहूच नये अशीही वेळ असते. ताप १०३ च्या वर आणि हुडहुडी, उलट्या थांबत नाहीत, छातीत धडधड वाढलीय, चक्कर येते, ग्लानी वाटते, बोलणं विस्कळीत होतं, किंवा लाली तासातासाला पसरतेय, कातडी काळपट होतेय. यातलं काही दिसलं की चोवीस तासांची गोष्ट सोड, आईला १०८ ला फोन करायला सांग. हे क्वचित होतं, पण संसर्ग रक्तात गेला की तासांचा प्रश्न असतो.

डॉक्टर बघतील तेव्हा बहुतेक क्लोक्सासिलिन गटातलं किंवा सिफॅलेक्सिनसारखं औषध देतील, कारण स्टॅफिलोकॉकसवर ती चालतात आणि पाजतानाही घेता येतात. कोर्स दहा ते चौदा दिवसांचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तुला अगदी बरं वाटेल आणि गोळ्या टाकून द्यावंसं वाटेल. टाकायच्या नाहीत, अर्धवट सोडलं की तेच दुखणं पुन्हा उठतं. बाळाला या दिवसांत थोडं पातळ झालं तर घाबरू नकोस, बाळ दूध पितंय आणि लघवी करतंय ना एवढं बघ. आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून, शेजारच्या काकूंना चाललेली गोळी आणून सुरू करू नकोस. चुकीचं औषध दोन दिवस खाल्लं की ते लागू पडत नाही आणि तोवर आत पू व्हायला वेळ मिळतो.

औषध सुरू करून ४८ तासांत फरक नसेल तर डॉक्टरांनी दोन गोष्टी करायला हव्यात, त्या तूच त्यांना विचार. एक, दुधाची जंतूतपासणी. त्यासाठी बोंड पुसून, सुरुवातीचे थोडे थेंब सोडून, मग निर्जंतुक बाटलीत हातानं दूध काढायचं. त्यातून जंतू कोणता आणि त्यावर कोणतं औषध लागू पडतं ते कळतं, कारण नेहमीच्या औषधांना न जुमानणारे जंतूही असतात. दुसरी, छातीची सोनोग्राफी. आत पू साठलाय का, हे हातानं नेहमी सांगता येत नाही.

पूची गाठ कशी ओळखायची ते तुला सांगून ठेवते, म्हणजे उशीर होणार नाही. ती फसवी असते. कधी कधी ताप उतरतो आणि सगळ्यांना वाटतं आता बरं, पण एक गोल गाठ मात्र राहते, पाजल्यावरही आकार बदलत नाही, वरची कातडी चमकते, मधोमध दाबलं तर लिबलिबीत लागतं, आणि आत ठणकत राहतं. पाजल्यावर आकार बदलत नसलेली आणि तीन-चार दिवस जागची न हललेली गाठ सोनोग्राफीसाठी न्यायचीच. स्तनदाह झालेल्या बायकांमध्ये शंभरात सुमारे तिघींची गाठ इथवर येते. म्हणजे बहुतेक जणी इथपर्यंत पोचत नाहीत, आणि वेळेत उपचार झाला तर त्याहून कमी.

आलीच तरी पूर्वीसारखं कापून पट्टी भरण्याची वेळ नेहमी येत नाही. सोनोग्राफीत बघत, कातडी बधिर करून, सुईनं पू काढतात. एकदा काढून पुन्हा भरला तर काही दिवसांनी परत काढतात, आणि फार मोठी गाठ असेल तर बारीक छिद्रातून नळी ठेवतात. त्या काळातही त्या बाजूनं पाजता येतं, फक्त बाळाचं तोंड जखमेला लागू नये. ‘दूध बंद करायची गोळी घ्या’ असं कोणी पटकन म्हणालं तर आधी मला फोन कर किंवा दुसऱ्या डॉक्टरांचं मत घे. आपल्या शेजारच्या वर्ध्यातच ३ डिसेंबर १९९१ ला ‘ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया’ ही संस्था सुरू झाली. त्यांनी तयार केलेले स्तनपानाचे समुपदेशक कितीतरी बालरोगतज्ज्ञांकडे असतात. पाजण्याबद्दल शंका असेल तर असं माणूस विचारून शोध, शल्यचिकित्सकाला सुईचं माहीत असतं, पाजण्याचं तेवढं नसतंही.

आणि एक शेवटचं, जे मला सांगायलाच हवं. नीट औषध घेऊनही लाली आठ-पंधरा दिवस तशीच राहिली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खळगी पडलेली दिसली, बोंड आत ओढलं गेलं, किंवा ताप नसताना छाती सुजत राहिली, तर ‘पाजतेय म्हणून होत असेल’ असं म्हणून कोणी परत पाठवलं तरी ऐकायचं नाही. सोनोग्राफी आणि गरज पडली तर तुकडा तपासून घ्यायचा. क्वचित एका प्रकारचा कर्करोग असाच दिसतो. पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत तो उशिरा सापडतो, कारण सगळ्यांना दुधाचीच गाठ वाटते. तुझ्याबाबतीत मला तशी शंका नाही, कारण हे एका रात्रीत, चुकलेल्या पाजण्यानंतर, तापासह आलंय. पण पुन्हा पुन्हा नेमक्या याच जागी गाठ आली तरी सोनोग्राफी करून घ्यायची, हे लक्षात ठेव.

पुढचं लग्न आलं तर बाळाला घेऊनच जा, किंवा मधे एकदा शांत खोली मागून हातानं थोडं काढ, काच कमी होईल एवढंच. घरी परतून पंपावर सगळी कसर भरून काढायला बसू नकोस. तो पंप मी यायच्या आधी कपाटात ठेव, तुला सध्या त्याची गरज नाही, पूर्ण वेळ बाळ तुझ्याजवळ आहे. तुला तहान लागेल तेवढं पाणी पी, या उन्हात नेहमीपेक्षा जास्तच लागेल, पण दूध वाढावं म्हणून आई डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर वरचेवर देत असेल तर हे दोन-चार दिवस तिला थोडं थांबायला सांग. दूध आत्ता कमी नाही, अडलेलं आहे.

आता पडून राहा. बाळाला पाजायचं, पंच्यात गुंडाळलेली थंड पिशवी ठेवायची, जेवून गोळी घ्यायची आणि झोपायचं, बाकी घर आई आणि आजी बघतील. संध्याकाळी सहाला ताप मोजून मला पाठव आणि रेघेचा फोटो काढ. उद्या सकाळी नऊला मी फोन करेन तेव्हा मला तीन गोष्टी सांगायच्या. ताप किती, लाली रेघेच्या आत की बाहेर, आणि बाळानं रात्रीपासून किती वेळा लघवी केली. ताप १०१ च्या वर असेल किंवा लाली रेघेबाहेर असेल तर तू तयार होऊन बस, फाइल हातात घे, मी रिक्षा घेऊन येते आणि दोघी जणी ओपीडीला जाऊ.